न्यूट्रिनोविरहित द्विबीटा क्षय : एका शिखराची चिकित्सा

न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे किंवा नाही, या प्रश्नाचा निर्णय न्यूट्रिनोविरहित द्विबीटा क्षयाच्या शोधाने लागेल, असे विधान पाठ्यपुस्तकांतून व परिसंवादांतून वारंवार आढळते. हे विधान चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. पण ज्या ठामपणाने ते केले जाते त्या ठामपणाने ते स्वीकारणे धोक्याचे आहे. एखाद्या प्रयोगात हा क्षय दिसला तर एक निष्कर्ष निघतो. दिसला नाही तर त्याच्या उलट निष्कर्ष निघतोच असे नाही. आणि ‘दिसला’ म्हणजे नेमके काय दिसले, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात कशा घडल्या याचे उत्तम उदाहरण हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगाच्या इतिहासात सापडते. २००१ साली या प्रयोगातील काही संशोधकांनी जर्मेनियमच्या ऊर्जापटात या क्षयाचे शिखर आढळल्याचे जाहीर केले. पुढील बारा वर्षे या शिखरावर वाद झाला. त्या दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ युक्तिवाद पाहू. जर्मेनियम-७६ या समस्थानिकाचे अणुकेंद्र साध्या बीटा क्षयाने आर्सेनिक-७६ मध्ये जाऊ शकत नाही, कारण आर्सेनिक-७६ त्याहून जड आहे. त्यापलीकडचे सेलेनियम-७६ मात्र हलके आहे. सम-सम अणुकेंद्रांत न्यूक्लिऑनांच्या जोड्या जुळल्यामुळे बंधन-ऊर्जा वाढते, विषम-विषम आर्सेनिकात ती वाढत नाही. म्हणून मधली पायरी उंच आणि पलीकडची खोल अशी ही रचना होते. मधली पायरी टाळून एकदम दोन न्यूट्रॉनांचे दोन प्रोटॉन होणे एवढाच मार्ग उरतो. १९३५ साली मारिया गेपर्ट-मायर यांनी या प्रक्रियेचे गणित केले. त्यात दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात, आणि अर्धायुष्य १०¹⁷ वर्षांहून मोठे येते. जर्मेनियम-७६ च्या बाबतीत आज ते सुमारे २.० × १०²¹ वर्षे असल्याचे मोजले गेले आहे. या प्रकारात लेप्टॉनांची बेरीज बिघडत नाही. दोन इलेक्ट्रॉनांच्या समोर दोन प्रतिन्यूट्रिनो उभे असतात.

१९३७ साली एत्तोरे मायोराना यांनी दाखवून दिले की, विद्युत्भार नसलेल्या कणाच्या बाबतीत कण आणि प्रतिकण असे दोन वेगळे पदार्थ मानण्याची गणिताला सक्ती नाही. १९३९ साली वेंडेल फरी यांनी हा विचार द्विबीटा क्षयाला लावला. पहिल्या न्यूट्रॉनाने सोडलेला प्रतिन्यूट्रिनो हाच जर न्यूट्रिनो असेल, तर दुसऱ्या न्यूट्रॉनाने तो अणुकेंद्राच्या आतच शोषून घ्यावा व बाहेर फक्त दोन इलेक्ट्रॉन यावेत. येथे लेप्टॉनांची संख्या दोनाने वाढते. प्रयोगाच्या दृष्टीने फरक असा की, न्यूट्रिनो ऊर्जा घेऊन निघून जात नसल्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची बेरीज दर वेळी तीच येते. जर्मेनियम-७६ साठी ही बेरीज २०३९ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. दोन न्यूट्रिनोंच्या प्रकारात सलग पसरलेला डोंगर दिसतो. न्यूट्रिनोविरहित प्रकारात त्या डोंगराच्या पायथ्याशी, अगदी टोकाला, एक अरुंद शिखर दिसावयास हवे.

या ठिकाणी एक गोष्ट सामान्यतः घाईने सांगितली जाते, ती थोडी थांबून पाहणे अवश्य आहे. न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो एकच असणे ही अट या क्षयासाठी पुरेशी नाही. बीटा क्षयात बाहेर पडणारा प्रतिन्यूट्रिनो दक्षिणावर्ती असतो, म्हणजे त्याचे परिवलन गतीच्या दिशेला उजव्या मळसूत्राप्रमाणे जुळलेले असते. न्यूट्रॉनाकडून शोषला जाण्यास मात्र वामावर्ती अवस्था लागते. न्यूट्रिनोला वस्तुमान नसेल तर या दोन अवस्था परस्परांपासून कायमच्या तुटलेल्या राहतील आणि क्षय घडणारच नाही, मग न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असो वा नसो. वस्तुमान असेल तर दक्षिणावर्ती कणात वामावर्ती अंश थोडासा मिसळलेला असतो. त्याचे प्रमाण वस्तुमान भागिले ऊर्जा एवढे असते. अणुकेंद्राच्या आत देवाणघेवाण होणाऱ्या न्यूट्रिनोचा संवेग सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दर्जाचा असतो. वस्तुमान ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरले तर हा अंश १०⁻⁹ येतो, आणि संभाव्यतेत त्याचा वर्ग, म्हणजे १०⁻¹⁸, येतो. अर्धायुष्य १०²⁵ वर्षांच्या पुढे का जाते, ते यावरून दिसेल. म्हणूनच क्षयाचा वेग असा लिहितात :

1/T = G |M|² m²

यात G हा इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या ऊर्जेवर अवलंबून असणारा व अचूक काढता येणारा गुणक आहे. M हा अणुकेंद्राचा आव्यूह घटक आहे. आणि m हे तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचे, इलेक्ट्रॉनाशी असलेल्या त्यांच्या मिश्रणाने भारित केलेले, परिणामी वस्तुमान आहे. ही भारित बेरीज संमिश्र संख्यांची असते. तिच्यात पदे एकमेकांना खोडू शकतात. या खोडाखोडीकडे पुढे परत यावयाचे आहे.

वरील अट विसरल्यामुळे एकदा मोठी फसगत झाली आहे, आणि ती अगदी अव्वल दर्जाच्या प्रयोगाबाबत झाली आहे. १९५५ च्या सुमारास रेमंड डेव्हिस यांनी ब्रुकहेवन येथील अणुभट्टीजवळ कार्बन टेट्राक्लोराइडची टाकी ठेवून क्लोरीन-३७ पासून आर्गॉन-३७ तयार होतो काय ते तपासले. ही क्रिया न्यूट्रिनोने घडते. अणुभट्टीतून मात्र प्रतिन्यूट्रिनो निघतात. आर्गॉन सापडला नाही. त्या काळी यावरून असा निष्कर्ष काढणे अगदी स्वाभाविक होते की, न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो भिन्न आहेत. त्याच सुमारास द्विबीटा क्षयाचे प्रयोगही रिकाम्या हाताने परत येत होते आणि त्यांचाही तोच अर्थ लावला जात होता. १९५७ साली समतेचा भंग सिद्ध झाला. १९५८ साली गोल्डहाबर, ग्रॉडझिन्स व सुन्यार यांनी न्यूट्रिनो वामावर्ती असल्याचे मोजून दाखविले. आणि डेव्हिस यांच्या नकाराचा अर्थ एका रात्रीत पालटला. अणुभट्टीतला कण दक्षिणावर्ती असल्यामुळे, तो स्वतःचा प्रतिकण असला तरीही, क्लोरीनवर क्रिया करण्यास तो जवळजवळ असमर्थ असतो. वस्तुमान ०.१ आणि ऊर्जा तीस लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरून गणित केल्यास त्याला मिळणारी सवलत १०⁻¹⁵ एवढीच आहे. म्हणजे डेव्हिस यांचा प्रयोग निर्दोष होता. त्यात मिळालेला नकार दोन्ही मतांशी सारखाच सुसंगत होता, इतकेच.

मग द्विबीटा क्षयातच आशा का, असे विद्यार्थी विचारतात. तेथेही दडपणारा गुणक तितकाच, किंबहुना अधिक, कठोर आहे. उत्तर संख्येत आहे. न्यूट्रिनोंच्या झोतातील एखादाच कण द्रव्याशी क्रिया करतो. पण शेकडा ८६ पर्यंत समृद्ध केलेल्या एक किलोग्रॅम जर्मेनियमात जर्मेनियम-७६ ची सुमारे ६.८५ × १०²⁴ अणुकेंद्रे असतात, आणि त्या प्रत्येकात देवाणघेवाण करणारा न्यूट्रिनो बाहेर न पडता तेथेच हजर असतो. शिवाय जर्मेनियम हे स्वतःच अभिज्ञातक आहे. १९६७ साली एत्तोरे फिओरिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती प्रथम वापरली : ज्या स्फटिकात क्षय व्हावयाचा, त्यानेच त्याची ऊर्जा मोजावयाची.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगात समृद्ध जर्मेनियमचे पाच अभिज्ञातक, एकूण सुमारे अकरा किलोग्रॅम वजनाचे, इटलीतील ग्रान सास्सो येथील पर्वताखालच्या प्रयोगशाळेत १९९० पासून २००३ पर्यंत चालू होते. त्या काळात याहून सरस असा दुसरा जर्मेनियम प्रयोग नव्हता, ही गोष्ट टीका करताना विसरता कामा नये. २००१ साली या गटाने प्रथम जो निकाल प्रसिद्ध केला तो नकाराचाच होता : अर्धायुष्य १.९ × १०²⁵ वर्षांहून अधिक, शेकडा ९० विश्वासपातळीवर. त्याच वर्षाच्या अखेरीस गटाचे प्रमुख क्लापडोर-क्लाइनग्रोथाउस यांनी तीन सहकाऱ्यांसह दुसरा लेख प्रसिद्ध केला. त्यात क्षयाचा पुरावा मिळाल्याचे, अर्धायुष्य १.५ × १०²⁵ वर्षे असल्याचे आणि परिणामी वस्तुमान ०.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याचे म्हटले होते. पुराव्याचे बळ, हिशेबाच्या पद्धतीनुसार, २.२ ते ३.१ प्रमाण विचलने एवढे दिले होते. गटातील बाकीच्यांच्या सह्या या लेखावर नव्हत्या. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील सदस्यांनी पुढे स्वतंत्रपणे विश्लेषण केले आणि त्यांना असा पुरावा आढळला नाही.

२००४ साली अधिक नोंदी जमा करून दावा पुन्हा मांडण्यात आला. हा लेख दाव्याचे सर्वांत बळकट रूप आहे, म्हणून त्याचीच परीक्षा करणे न्याय्य होईल. एकूण संचय ७१.७ किलोग्रॅम-वर्षे, शिखरातील नोंदी २८.७५ ± ६.८६, बळ ४.२ प्रमाण विचलने, अर्धायुष्य १.१९ × १०²⁵ वर्षे. या आकड्यांची आपसात जुळणी होते किंवा नाही ते प्रथम पाहू. किलोग्रॅमागे वर्षाला अपेक्षित क्षय म्हणजे ०.६९३ गुणिले ६.८५ × १०²⁴ भागिले १.१९ × १०²⁵, अर्थात ०.४०. त्यास ७१.७ ने गुणले की २८.६ मिळतात. जुळणी चोख आहे. म्हणजे दोष असलाच तर तो अंकगणितात नव्हे, ‘२८.७५’ ही संख्या कशी निघाली यात तो शोधला पाहिजे.

त्या भागातील पार्श्वभूमी किलोग्रॅम, वर्ष व किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट यांमागे सुमारे ०.११ नोंद एवढी होती. ७१.७ ने गुणले असता दर किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टला जवळजवळ आठ नोंदी येतात. अभिज्ञातकाची विभेदनशक्ती पाहता शिखर सुमारे साडेपाच किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंदीत मावते. त्या खिडकीत पार्श्वभूमीच्याच ४४ च्या आसपास नोंदी पडतात. तेव्हा जे शिखर म्हणून दाखविले गेले ते ४४ नोंदींच्या पायावर उभारलेल्या २९ नोंदी होत. ४४ चे वर्गमूळ ६.६; येथून ४.२ हे बळ येते. हा आकडा खरा मानण्यासाठी पाया ४४ चाच आहे, आणि तो सपाट आहे, हे निःसंशय ठाऊक असले पाहिजे. समजा, पाया एक-पंचमांशाने वर आहे. तर जादा नोंदी विसावर येतात, त्यांतील अनिश्चितता सातावर जाते आणि बळ तीनच्या खाली उतरते. सांख्यिकीय चूक आणि पाया ठरविण्यातील चूक या दोन भिन्न गोष्टी होत, ४.२ या आकड्यात पहिली आहे, दुसरी नाही.

पाया कसा ठरविला गेला? २००० ते २०६० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टापूत बिस्मथ-२१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या क्षीण गॅमा रेषा पडतात : २०१०.७, २०१६.७, २०२१.८ आणि २०५२.९. बिस्मथ-२१४ हा युरेनियमच्या मालिकेतला; तांब्यात, शिशात, कोठेही लेशमात्र असतोच. विश्लेषणात या रेषांना शिखरे म्हणून जागा दिल्या गेल्या, आणि उरलेला भाग सपाट पाया म्हणून मानला गेला. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. चढउतारांना आपण जितकी अधिक शिखरे बहाल करू तितका उरलेला पाया खाली सरकतो, आणि पाया जितका खाली सरकेल तितके २०३९ चे टेकाड उंच दिसते. ही शिखरे खरोखरीची असतील तर हरकत नाही. पण ती तशी आहेत हे अन्य मार्गाने सिद्ध व्हावयास हवे.

तो अन्य मार्ग उपलब्ध होता. बिस्मथ-२१४ ची १७६४.५ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा ठळक आहे. दर शंभर क्षयांत तिचे सुमारे पंधरा फोटॉन निघतात. २०१०.७ च्या रेषेचे दर दहा हजार क्षयांत सुमारे पाच. दोहोंतील प्रमाण ठाऊक असल्यामुळे ठळक रेषेतील नोंदींवरून क्षीण रेषेत किती नोंदी अपेक्षित आहेत ते सांगता येते. २००२ साली सी. ई. आल्सेथ व अनेक सहस्वाक्षरीकारांनी प्रसिद्ध केलेल्या टिपणाचा गाभा हाच होता : या क्षीण रेषा दाव्यात दाखविल्या गेल्या त्या मानाने फारच बळकट आहेत. दावेदारांचे उत्तर असे की, उगम अभिज्ञातकाच्या अगदी जवळ असेल तर दोन गॅमा किरण एकदम शिरून त्यांच्या ऊर्जांची बेरीज नोंदली जाते व क्षीण रेषा फुगते. हे उत्तर पोकळ नाही. २०१६.७ ची रेषा तर साध्या गॅमा उत्सर्जनाने निघूच शकत नाही, ती ६०९ आणि १४०८ यांच्या बेरजेनेच बहुतांशी दिसते. परंतु उगम कोठे आहे हे ठरविणारा पुरावा पुढे आला नाही, आणि तो ठरल्याविना हे उत्तर कोणत्याही फुगलेल्या रेषेस लागू करता येते.

माझ्या मते टीकाकारांचा सर्वांत प्रभावी मुद्दा याहून साधा आहे. २०३० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणखी एक टेकाड होते. त्याला कोणत्याही ज्ञात समस्थानिकाची रेषा लागू पडत नव्हती. ज्या टापूत एक शिखर निनावी आहे त्याच टापूत, नऊ-दहा किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर, दुसरे शिखर मात्र केवळ अपेक्षित जागी आहे म्हणून न्यूट्रिनोविरहित क्षयाचेच मानावयाचे, हा न्याय कोणता? एक तर दोन्ही चढउतार आहेत, किंवा पार्श्वभूमीत आपल्याला न कळलेले काही आहे. पहिल्या लेखात २०३९ च्या दोन्ही बाजूंस अरुंद खिडकी निवडून विश्लेषण केले होते. खिडकी रुंद केली की पुराव्याचे बळ घटत होते. खिडकी आकडे पाहण्यापूर्वी ठरविली की नंतर, हे त्या लेखावरून कळण्यास मार्ग नाही, आणि जेथे ते कळत नाही तेथे २.२ किंवा ३.१ या आकड्याला संभाव्यतेचा नेहमीचा अर्थ देता येत नाही.

या क्षेत्राला हा अनुभव नवा नव्हता, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. १९४९ साली ई. एल. फायरमन यांनी कथिल-१२४ मध्ये १०¹⁵ वर्षांच्या दर्जाच्या अर्धायुष्याचा द्विबीटा क्षय दिसल्याचे जाहीर केले होते, आणि वेग इतका जलद असल्यामुळे तो न्यूट्रिनोविरहितच असला पाहिजे असा अर्थ लावला गेला. तीन वर्षांत त्यांच्याच पुढील कामाने तो परिणाम अशुद्धीचा असल्याचे दाखविले. (योगायोग असा की, हाच कथिल-१२४ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी अतिशीत उष्णतामापी अभिज्ञातकासाठी निवडला, पण येथे विषय जर्मेनियमचा आहे.)

वादाचा निकाल वादाने लागला नाही. त्यासाठी त्याच अणुकेंद्रावर, पार्श्वभूमी दहापटीने कमी करून, प्रयोग पुन्हा करावा लागला. ‘त्याच अणुकेंद्रावर’ यात मर्म आहे. २०१२ साली झेनॉन-१३६ वापरणाऱ्या दोन प्रयोगांनी, जपानमधील कामलँड-झेन व अमेरिकेतील एक्सो-२०० यांनी, आपल्या मर्यादा जाहीर केल्या होत्या व त्या दाव्याच्या विरुद्ध जात होत्या. पण झेनॉनच्या अर्धायुष्यावरून जर्मेनियमच्या अर्धायुष्याकडे जाण्यास आव्यूह घटक M लागतो, आणि निरनिराळ्या गणितपद्धतींनी काढलेल्या त्याच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. दावेदारास त्या फटीतून निसटता आले असते. जर्मेनियमविरुद्ध जर्मेनियम असा सामना लावला की M आपोआप गळून पडतो. अर्धायुष्याची तुलना अर्धायुष्याशी होते.

हे काम ग्रान सास्सो येथेच गेर्डा या प्रयोगाने केले. जर्मेनियमचे स्फटिक उघडेच द्रवरूप आर्गॉनमध्ये बुडवून टांगले होते. पूर्वीच्या प्रयोगांत स्फटिकाभोवती असणारे तांबे व शिसे, जे बिस्मथचे मुख्य घर, ते अशा रीतीने बहुतांश हटविले गेले. आर्गॉन थंडावाही देतो आणि संरक्षणही. पार्श्वभूमी ०.०१ पर्यंत उतरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पद्धतीची होती. २०३९ च्या दोन्ही बाजूंच्या वीस किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टापूतील नोंदी संगणकाने झाकून ठेवल्या. पार्श्वभूमीचे प्रतिरूप, स्पंदाच्या आकारावरून गॅमा किरण वगळण्याची कसोटी, खिडकीची रुंदी, हे सर्व आधी ठरवून गोठविले आणि मगच पडदा काढला. (दोन इलेक्ट्रॉनांची ऊर्जा स्फटिकात एका बारीकशा जागी जमा होते, गॅमा किरण अनेक ठिकाणी आपटतो, स्पंदाच्या आकारात हा फरक उमटतो.)

नोव्हेंबर २०११ ते मे २०१३ या काळात २१.६ किलोग्रॅम-वर्षांचा संचय झाला. वर काढलेला ०.४० हा दर येथेही लावून पाहू. दावा खरा असेल तर ८.६ क्षय व्हावयास हवेत. स्फटिकाचा निष्क्रिय थर, निसटणारी ऊर्जा व स्पंदकसोटी यांच्यामुळे त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशच हाती लागतात. गेर्डाच्या काटेकोर हिशेबाने ही संख्या ५.९ ± १.४ आली, त्याच खिडकीत पार्श्वभूमीच्या २.० ± ०.३ नोंदी अपेक्षित होत्या. एकूण जवळजवळ आठ. पडदा काढल्यावर तीन आढळल्या, आणि त्यांपैकी एकही अपेक्षित ऊर्जेपासून एका प्रमाण विचलनाच्या आत नव्हती.

विद्यार्थ्यांनी येथे स्वतः पडताळा घ्यावा. सरासरी ७.९ असताना तीन किंवा त्याहून कमी नोंदी येण्याची पॉयसाँ संभाव्यता शेकडा साडेचार निघते. म्हणजे नुसत्या मोजणीने दावा निकालात निघत नाही. वीस वेळांत एकदा असे घडू शकते. नोंदी खिडकीत कोठे पडल्या याचा विचार केल्यावर मात्र, दावा खरा असताना शिखराची उत्तम अंदाजित उंची शून्य येण्याची संभाव्यता शेकडा एक ठरते. गेर्डाने दिलेली मर्यादा २.१ × १०²⁵ वर्षे होती. आता २००६ साली क्लापडोर-क्लाइनग्रोथाउस यांनी स्पंदविश्लेषण करून अर्धायुष्य २.२३ × १०²⁵ असे सुधारले होते. अक्षरशः पाहता हा आकडा गेर्डाच्या मर्यादेच्या किंचित बाहेर राहतो, आणि गेर्डाने त्याची तुलना टाळली ती त्या विश्लेषणातील कार्यक्षमतेचा हिशेब सदोष आहे या कारणावरून. कारण सबळ होते. तरीही २०१३ साली ‘दावा संपूर्ण खोडला गेला’ असे जे लिहिले गेले त्यात थोडी घाई होती, असे म्हणणे भाग आहे. ती उणीव पुढे भरून निघाली. गेर्डाचा अंतिम निकाल २०२० सालचा : संचय १२७.२ किलोग्रॅम-वर्षे, मर्यादा १.८ × १०²⁶ वर्षे. २००६ चा सुधारित आकडाही खरा असता तर एवढ्या संचयात डझनाहून अधिक नोंदींचे शिखर, जवळजवळ रिकाम्या पार्श्वभूमीवर, उभे राहिले असते. ते नव्हते.

दावा खोटा ठरला, यावरून न्यूट्रिनोविषयी काय समजले? येथे डेव्हिस यांच्या टाकीची आठवण पुन्हा येते. २०२४ साली कामलँड-झेनने झेनॉन-१३६ साठी ३.८ × १०²⁶ वर्षांची मर्यादा दिली. तिचे परिणामी वस्तुमानात रूपांतर केले असता वरची सीमा २८ ते १२२ सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी पसरते. हा पसारा प्रयोगाचा नसून M चा आहे. तीन न्यूट्रिनोंपैकी हलका एक व जड दोन असा उलटा क्रम असेल, तर परिणामी वस्तुमान सुमारे १८ सहस्रांशांच्या खाली जाऊ शकत नाही. कारण जड जोडीच्या पदांची वजने अशी आहेत की ती परस्परांना पुरती खोडू शकत नाहीत. तेव्हा क्रम उलटा असल्याचे दोलनांच्या प्रयोगांनी ठरविले आणि मर्यादा १८ च्या खाली गेली, तर नकारालाही अर्थ प्राप्त होईल : देवाणघेवाणीचे साधे चित्र धरता न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण नाही. पण क्रम सरळ असेल तर तशी तळमर्यादा नाही. सर्वांत हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान काही सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना तिन्ही पदे एकमेकांना पूर्णपणे खोडू शकतात. तसे झाले तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असूनही जर्मेनियमचा स्फटिक कायमचा मुका राहील.

होकाराची बाजू अधिक बळकट आहे, तीही एका अटीसह. १९८२ साली शेक्टर व व्हाये यांनी सिद्ध केले की, हा क्षय कोणत्याही यंत्रणेने घडो, न्यूट्रिनोच्या देवाणघेवाणीने अथवा आज अज्ञात असलेल्या जड कणांनी, त्याच आकृतीची टोके जुळवून न्यूट्रिनोस मायोराना प्रकारचे वस्तुमान मिळतेच. म्हणून खरे शिखर सापडल्यास न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण आहे हे विधान यंत्रणेवर अवलंबून राहत नाही. परंतु २०११ साली डुएर, लिंडनर व मेर्ले यांनी या प्रमेयाने हमी दिलेल्या वस्तुमानाची किंमत काढली, तेव्हा ती दोलनांवरून ठाऊक असलेल्या वस्तुमानांच्या मानाने कित्येक घातांनी लहान आली. क्षय दिसला तरी निरीक्षित वस्तुमान मुख्यतः त्याच उगमातून आले असे प्रमेयावरून म्हणता येत नाही. ते निराळ्या मार्गाने आलेले असू शकते. एका अणुकेंद्रात शिखर मिळाल्यावर निदान आणखी एका अणुकेंद्रात ते मिळविणे, आणि दोन वेगांचे गुणोत्तर M च्या गणिताशी ताडून पाहणे, हे काम म्हणूनच पुढे उरते. ग्रान सास्सोच्या त्याच जर्मेनियम परंपरेतील लीजेंड-२०० ने २०२५ साली आपल्या पहिल्या नोंदी गेर्डा व अमेरिकेतील मेजोराना प्रयोगाच्या नोंदींशी एकत्र करून १.९ × १०²⁶ वर्षांची मर्यादा दिली. २०३९ च्या खिडकीत अद्याप शिखर नाही.